सराफाच्या दुकानात यूपीआय अडतं तेव्हा: या चुका टाळा

लग्नाच्या खरेदीत यूपीआय अडण्याची हमखास जागा म्हणजे सराफाचं काउंटर. खात्यात पैसे असतात, पिन बरोबर असतो, नेटवर्कही असतं, तरी पेमेंट जात नाही. अशा वेळी बहुतेक जण पुन्हा पुन्हा पिन टाकत राहतात. ही पहिली चूक. काही अ‍ॅपमध्ये नकाराच्या निरोपासोबत एक कोडही दिसतो. Z8 म्हणजे एका व्यवहाराची रक्कम बँकेच्या मर्यादेपेक्षा मोठी आहे, आणि Z7 म्हणजे व्यवहारांची संख्या संपली आहे. Z9 दिसला तर खात्यात पुरेशी शिल्लक नाही. Z8 असेल तर तीच रक्कम दहा वेळा पाठवूनही जाणार नाही.

एक उदाहरण घेऊ. मंगळसूत्र आणि बांगड्या मिळून बिल झालं 1,75,000 रुपये. सकाळी त्याच खात्यातून केटररच्या वैयक्तिक नंबरवर 30,000 रुपये गेले आहेत. दुकानात मालकाच्या मुलाने मोबाइलवरचा क्यूआर पुढे केला. तो स्कॅन केल्यावर दुकानाचं नाव न येता एका व्यक्तीचं नाव आलं आणि पेमेंट नाकारलं गेलं. मग घरच्यांनी रकमेचे तुकडे केले. आधी 90,000 पाठवून पाहिले, तेही गेले नाहीत. शेवटी 70,000 गेले.

याचं कारण साध्या हिशोबात आहे. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला यूपीआयने पाठवायची सर्वसाधारण मर्यादा दिवसाला 1 लाख रुपये आहे. त्यातले 30,000 सकाळीच वापरले गेले होते, त्यामुळे 70,000 उरले. त्या क्यूआरवर यूपीआयच्या लेखी तुम्ही सराफाला पैसे देत नव्हता, एका माणसाला देत होता.

सराफांसाठीची मर्यादा वेगळी आहे. 15 सप्टेंबर 2025 पासून दागिन्यांच्या खरेदीला एका पेमेंटसाठी 2 लाख आणि 24 तासांत 6 लाख रुपयांपर्यंत मुभा आहे. पण ती दुकानावर सोनं विकतात म्हणून आपोआप मिळत नाही. दुकानाची बँकेकडे पडताळलेला व्यापारी म्हणून, दागिन्यांच्या वर्गात नोंदणी झालेली असावी लागते. म्हणून बिल होण्याआधीच विचारा, "दुकानाच्या खात्याचा क्यूआर आहे का? मशीनवर रक्कम टाकून काढून देता का?" स्कॅन केल्यावर येणारं नाव वाचा. व्यक्तीचं नाव दिसलं तर तिथेच थांबा. सकाळच्या 30,000 मुळे इथे अडायला नको होतं. क्यूआर बदलला असता तर 1,75,000 एका दमात देण्याची वाट होती, तुमच्या बँकेने ती वाढीव मर्यादा लागू केली असेल तर. हा शेवटचा भाग लोक विसरतात. वरची मर्यादा यूपीआय चालवणारी संस्था एनपीसीआय ठरवते, पण त्याच्या आत आपली मर्यादा कमी ठेवायचा अधिकार बँकेला असतो.

हाच नियम इतरत्रही चालतो, फक्त आकडे वेगळे. दवाखाना आणि कॉलेजच्या फीसाठी, तसंच कर भरण्यासाठी एका वेळी 5 लाखांपर्यंत पैसे देता येतात. मात्र डॉक्टरांच्या स्वतःच्या नंबरवर पाठवलं की पुन्हा 1 लाखाचा दरवाजा.

दुसरी चूक म्हणजे अ‍ॅप बदलणं. एका अ‍ॅपवर गेलं नाही म्हणून दुसरं उघडायचं, पण खातं तेच! बँकेची मर्यादा खात्याला चिकटलेली असते. घरात दुसऱ्या बँकेचं खातं असेल तर त्याची मर्यादा स्वतंत्र असते, तो खरा पर्याय. मर्यादा मध्यरात्री नव्याने सुरू होईल असंही गृहीत धरू नका. काही बँका पहिल्या व्यवहारापासून 24 तास मोजतात. नुकताच फोन किंवा सिम बदललं असेल तर सुरुवातीचा काही काळ साधारण 5,000 रुपयांपर्यंतच पाठवता येतात, त्यामुळे खरेदीच्या आदल्या दिवशी फोन बदलू नका.

यूपीआयचा हट्टही धरू नका. आयएमपीएस आणि एनईएफटी या बँकेतून थेट खात्यात पैसे पाठवायच्या पद्धतींची मर्यादा वेगळी असते. मात्र नवं खातं जोडल्यावर बऱ्याच बँका काही तास मोठी रक्कम जाऊ देत नाहीत. सराफ ठरला असेल तर त्याचं खातं एक दिवस आधीच जोडून ठेवा.

पैसे कापले गेले पण दुकानदाराला पोचले नाहीत, तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. आधी अ‍ॅपमधल्या इतिहासात त्या व्यवहाराची स्थिती पाहा आणि त्याचा यूटीआर, म्हणजे व्यवहार ओळखायचा क्रमांक, लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दुकानाला केलेलं असं पेमेंट व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत आपोआप परत यायला हवं. त्यापुढे उशीर झाला तर बँकेने दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची असते. ती मागताना तक्रारीत यूटीआर आणि तारीख दोन्ही लिहा.