पोर्टफोलिओत आधी कोणतं काम लावायचं?

डिझाइनच्या इंटर्नशिपसाठी पोर्टफोलिओ पाठवताना आपण कामं सेमिस्टरच्या क्रमानं लावतो, आणि स्टुडिओला सगळ्यात आधी दिसतो आपला पहिल्या वर्षाचा कच्चा लोगो. भाचीच्या फाइलमध्ये अशी 14 कामं होती. नाशिकरोडच्या घरी प्रत्येकाची छोटी प्रिंट काढून फरशीवर मांडली.

1. ‘हे असंच का केलं?’ याचं उत्तर तिला देता येईना, ते काम बाजूला. (आवडती दोन पोस्टरं गेली, थोडा रुसवाही झाला.) उरली 5.

2. सगळ्यात दमदार काम पहिलं, त्याच्या खालोखालचं शेवटी. बाकीची मधे. पॅकेजिंगच्या स्टुडिओला पाठवायचं होतं, म्हणून द्राक्षपेटीचं लेबल पुढे आलं.

3. आधी तयार पेटीचा पानभर फोटो. पुढच्या एका पानावर तीन स्केचेस आणि कारण: पेट्या एकावर एक रचल्या की झाकणावरचं नाव दिसत नाही, म्हणून ते बाजूच्या पट्टीवर आणलं.

ग्रुपमध्ये केलेल्या कामाखाली आपण नेमकं काय केलं ते एका ओळीत लिहाच; मुलाखतीत पहिला प्रश्न बहुधा त्यावरच येतो.