या चुका टाळा: पहिलाच प्रोजेक्ट आणि थेट २३० व्होल्ट

ऐरोलीचा एक डिप्लोमाचा मुलगा परवा माझ्याकडे ठाण्याला आला. पिशवीत अर्डुइनो म्हणजे प्रोग्राम टाकून चालवायचा छोटा बोर्ड, त्याच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणाऱ्या स्विचचं निळं रिले मॉड्यूल, बल्बचा होल्डर आणि टू-पिन प्लग.

"दादा, मोबाईलवरून घरातला दिवा लावायचाय. पहिलाच प्रोजेक्ट आहे."

"लाव. पण घरातला दिवा नको."

"मध्ये रिले आहे ना! तो बंद केला की करंट बंद."

हे वाक्य मी दर बॅचला ऐकतो. मीही एकेकाळी हेच धरून चाललो होतो. कोपरखैरण्याला राहायचो तेव्हा असाच टेबल लॅम्प जोडला होता. रिले बंद, दिवा विझलेला. बल्ब नीट बसत नव्हता म्हणून काढला आणि होल्डरमधली अडकलेली पिन बोटाने दाबली. पावसाळ्याचे दिवस, फरशी ओलसर, पायात चप्पल नाही. असा झटका बसला की कोपर मागच्या कपाटावर आपटलं. कारण नंतर सापडलं. टू-पिन प्लग कसाही बसतो. माझा उलटा बसला होता, म्हणून रिले फेजऐवजी न्यूट्रल तोडत होता. तेवढ्यानेही दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज आलेलाच असतो.

"मग एमसीबी पडेल की, दादा."

"तो सहा अँपिअरचा. ओल्या अंगाचा रोध हजार ओहम धर. २३० भागिले १०००, किती झाले?"

"०.२३ अँपिअर."

"एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. आणि याच्या दहाव्या हिश्श्यातसुद्धा धरलेली वायर सोडवत नाही. अंगातून गळणारा करंट ओळखून सप्लाय तोडतो तो आरसीसीबी, आणि तो ३० मिलिअँपिअरला पडतो. आहे का घरात?"

त्याला माहीत नव्हतं. बहुतेकांना नसतंच.

बाकीच्या चुका थोडक्यात. ब्रेडबोर्डवर, म्हणजे वायरी नुसत्या खोचून जोडायच्या भोकांच्या पाटीवर, २३० व्होल्टचा मेन्स कधीच नाही. जोडावर नुसती टेप गुंडाळणं म्हणजे इन्सुलेशन नव्हे, आळस आहे. टेस्टर पेटला नाही म्हणून वायरला हात लावू नका. आणि ही निळी मॉड्यूल बरेचदा अर्डुइनोची पिन लो, म्हणजे शून्य व्होल्टला, गेली की चालू होतात. नवा प्रोग्राम हाय-लो उलटं धरून लिहिला, तर बंद समजलेला रिले चालू असतो.

मी पोरांच्या हातात १२ व्होल्टचा तयार अ‍ॅडॅप्टर आणि एलईडी पट्टी देतो. रिले तोच, प्रोग्राम तोच, टकटक आवाजही तोच. "यात मजा नाही," असं तोंड केलं तर मी चहा मागवतो आणि वाट बघतो.

यानेही तोंड केलं, पण जोडायला बसला. अर्ध्या तासात पट्टीच्या दोन वायरी एकमेकींना टेकवल्या. अ‍ॅडॅप्टरचा दिवा गेला.

"दादा, जळला का?"

"प्लग काढ, वायरी सोडव, मिनिटभराने पुन्हा लाव."

लावला. दिवा आला.