इंडिकेटर एकाच बाजूला भराभर टिकटिकतोय?

डावीकडे वळताना डॅशबोर्डवरचा बाण नेहमीच्या दुप्पट वेगाने लुकलुकू लागला, उजवीकडे मात्र सगळं ठीक, तर डाव्या बाजूचा एखादा बल्ब गेला असं समजा. दिवे लुकलुकवणारा फ्लॅशर पुढच्या-मागच्या दोन्ही बल्बच्या एकत्रित करंटवर बेतलेला असतो. त्यातला २१ वॅटचा एक बल्ब गेला की करंट घटतो आणि टिकटिक वाढते. हा इशाराच आहे, कारण मागचा दिवा तुम्हाला आतून दिसत नाही.

गाडी बाजूला घ्या, हॅझर्ड लावा आणि एक फेरी मारा. जो पेटत नाही तो बल्ब काढून बघा: आतली तार तुटलेली किंवा काच काळवंडलेली दिसेल. नवा घेताना जुना सोबत न्या. पिवळ्या आणि पांढऱ्या बल्बच्या पिना वेगळ्या कोनात असतात, जबरदस्तीने बसवू नका.

माझ्या गाडीत नवा बल्ब लावूनही वेग तसाच राहिला. होल्डर काढला तर संपर्काच्या पट्टीवर हिरवट गंज, पावसाळ्यात पाणी शिरलेलं. पट्टी बारीक पॉलिश पेपरने घासली आणि टिकटिक सुरळीत झाली.

दोन्ही बाजूंना वेग वाढला असेल तर आधी आठवा, एलईडी बल्ब बसवलेत का? ते करंट फारच कमी घेतात. तसं नसेल, किंवा दोन्हीकडचे दिवे न लुकलुकता नुसतेच पेटून राहत असतील, तर संशय फ्लॅशरवर. इंडिकेटर चालतात पण हॅझर्ड नाही, अशा वेळी आधी हॅझर्डचा फ्यूज आणि बटण तपासा.