रिव्ह्यू वाचून डिस्क्रिप्शन बदलताय? या चुका टाळा

नागपुरात मार्च लागला की कूलर माळ्यावरून खाली येतात आणि मग ताट्या शोधायची घाई सुरू होते, आता बरेच लोक त्या ऑनलाइनच मागवतात. म्हणून उदाहरण ताट्यांचंच घेतो, गवताच्या म्हणजे वुडवूलच्या. विकणाऱ्याने डिस्क्रिप्शनमध्ये लिहिलंय, "प्रीमियम क्वालिटी कूलर पॅड, दीर्घकाळ टिकणारे, सर्व कूलरसाठी योग्य." आणि खाली लोक एकच गोष्ट विचारून राहिले, भाऊ माझ्या कूलरला बसेल का?

पहिली चूक म्हणजे फक्त एक स्टारवाले रिव्ह्यू वाचणं. त्यात बराचसा राग कुरिअरचा असतो, डबा फाटला, उशिरा आला वगैरे, आणि तो डिस्क्रिप्शन बदलून जाणार नाही, ते बाजूला काढा. कामाची गोष्ट असते तीन स्टारमध्ये, "चांगली आहे पण एक बाजू छोटी पडली", हा माणूस शांतपणे सांगतोय की त्याला घ्यायच्या आधी काय माहीत नव्हतं. आणि ज्याने शंका आली म्हणून घेतलंच नाही तो रिव्ह्यू कुठून लिहील, त्याचा आवाज फक्त प्रश्नांमध्ये आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या मेसेजमध्ये सापडतो. परत आलेल्या मालाची कारणंही त्यातच जोडा.

दुसरी चूक जास्त महागात पडते, शब्द मोजायची. कोणी "साईज" लिहितो, कोणी "किती इंच", कोणी "3 फुटी कूलरला चालेल का", कोणी "मागच्या जाळीत बसत नाही". शब्द वेगळे दिसतात, शंका मात्र एकच. शीटमध्ये चार रकाने करा: गिऱ्हाइकाचं वाक्य जसंच्या तसं, त्यामागची शंका, घेण्याआधीची की नंतरची, आणि उत्तर आत्ताच्या डिस्क्रिप्शनमध्ये आहे का. समजा 40 ओळी जमल्या आणि त्यातल्या 18 मापाच्या निघाल्या, 9 "सेटमध्ये किती येतात", 6 वास आणि पिवळ्या पाण्याच्या, बाकी किरकोळ. डिस्क्रिप्शनचा क्रम तोच ठेवायचा, आधी माप, मग नग, मग वास. रंगाबद्दल एकानेच विचारलं असेल तर त्याला तिथंच उत्तर द्या, डिस्क्रिप्शनमध्ये घुसवू नका.

चौथा रकाना लोक भरतच नाहीत आणि खरी गंमत तिथंच आहे. माप लिहिलेलं असूनही लोक विचारत असतील तर ते वाचत नाहीत असं म्हणून मोकळं होऊ नका. बहुतेक वेळा माप सेंटीमीटरमध्ये असतं आणि घरी माणूस इंचाचा टेप घेऊन उभा असतो, किंवा ते इतकं खाली असतं की मोबाईलवर "आणखी वाचा" दाबल्याशिवाय दिसतच नाही. आणि कधी माप बरोबर असतं पण नेमकं कुठं मोजायचं तेच सांगितलेलं नसतं, लोक कूलरची बाहेरची बॉडी मोजतात अन् ताटी मोठी मागवून बसतात.

आता पहिल्या ओळी अशा करता येतील:

"3 ताट्यांचा सेट. प्रत्येक ताटी 24 इंच रुंद, 30 इंच उंच, दीड इंच जाड. ऑर्डर करण्याआधी कूलरची जाळी काढून आतली जागा मोजा, बाहेरची बॉडी नाही. ताटी थोडी मोठी असेल तर दाबून बसते, लहान पडली तर फटीतून गरम हवा येते. हनीकॉम्ब पॅडच्या कूलरला ही बसणार नाही. नव्या गवताला सुरुवातीला वास येतो, पाणीही पिवळसर होतं, टाकीतलं पाणी एक-दोनदा बदला."

यात "प्रीमियम" कुठंच नाही, काही बिघडलं नाही.

इथंच विकणारे बिचकतात, बसणार नाही असं काहून लिहायचं, गिऱ्हाईक जाईल नं. जाऊ द्या, तो ताटी मागवून परत पाठवणारच होता, दोन्हीकडचं कुरिअर गेलं आणि वरून एक स्टार. पण उलट्या बाजूने फेकूही नका. "किती टिकते" हा प्रश्न वारंवार आला म्हणून "3 सीझन गॅरंटी" ठोकायची नाही, बोअरचं खारं पाणी असेल तर क्षार साचून गवत लवकर कडक होतं, ते तसंच लिहा.

बदल केल्यावर विक्री वाढली का एवढंच बघणं हीसुद्धा चूकच, एप्रिलमध्ये ऊन तापलं की ताट्या तशाही विकल्या जातात. ज्या शंकेसाठी ओळ लिहिली तिचे प्रश्न दर शंभर ऑर्डरमागे कमी झाले का ते बघा, आणि "साईज चुकली" म्हणून परत येणारा माल वेगळा मोजा. तरीही मापाचेच प्रश्न येत असतील तर शब्द पुन्हा बदलत बसू नका, उघडी जाळी अन् त्यावर टेप लावलेला फोटो दुसऱ्या नंबरवर टाका.