फ्लॅटचं अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करायच्या आधी हे तीन आकडे बघा

जुळे सोलापुरात आमच्या मेव्हण्याच्या फ्लॅटचा ड्राफ्ट वाचत बसलो होतो, पझेशनच्या तारखेची जागाच कोरी होती, आणि उशीर झाला तर म्हणे कार्पेटवर फुटाला महिन्याला ५ रुपये. बरं झालं सही आधी केली नव्हती.

१. तारीख दिवस-महिना-वर्ष अशी लिहून घ्या. "परवानग्या मिळाल्यापासून ३६ महिने" असलं चालवू नका, कारण उशीर अ‍ॅग्रीमेंटमधल्या तारखेपासूनच मोजतात. महारेराच्या साइटवर त्या प्रोजेक्टची तारीख दिसते तीपण जुळवून बघा.

२. कार्पेट चौरस मीटरमध्ये असतं, १०.७६४ नं गुणा. ५५.७४ आलं तर ६०० फूट. आतल्या भिंती यात धरतात, बाल्कनी नाही, ती वेगळी लिहिलेली पाहिजे.

३. भरपाईचं कलम सगळ्यात नीट वाचा. फुटाला ५ म्हणजे ६०० फुटाचे महिन्याला फक्त ३,०००. रेराच्या नियमानं तुम्ही भरलेल्या पैशावर स्टेट बँकेचा सर्वात जास्त एमसीएलआर, म्हणजे बँकेचा कर्जाचा मूळ दर, अधिक २ टक्के व्याज मिळतं, हिशोबाला १० टक्के धरलं तरी ३० लाखांवर महिन्याला २५,००० होतात. तेच वाक्य कलमात घालायला सांगा, मेव्हण्यानं सांगितलं तर बदलून दिलं.

आणि एक, अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर होईपर्यंत किमतीच्या १० टक्क्यांवर एक रुपयाही देऊ नका, बिल्डरला तो मागताच येत नाही.