गाडा लावण्याआधी मंगळवारी माणसं मोजा

रंकाळ्यावर रविवारी गर्दी असतेच, पण तिच्यावर हिशेब मांडू नका. मंगळवारी संध्याकाळी सात ते आठ ठरलेल्या जागी उभं राहा आणि जाणारे नव्हे, शेजारच्या गाड्यावर थांबून खाणारे मोजा. तासात दहा थांबले, तर तीन तासांत तीस. नव्या गाड्याला त्यातले निम्मे मिळाले तरी खूप. म्हणून पहिला आठवडा पंधरा प्लेटांचंच सामान भरा.

पदार्थ एकच ठेवा, कटवडा. कांदा-खोबरं भाजून कट दुपारी घरी बसून होतो, बटाट्याची भाजीही. गाड्यावर उरतं फक्त तळणं. तरी वाटणापासून भांडी घासेपर्यंत सात तास जातात. तिसऱ्या दिवशी कंबर धरली, तर आधी वेळ कमी करा.