ताईच्या रिसेप्शनला बोलायचंय? टिपणांचं भाषण करताना या चुका टाळा

सोलापुरात रिसेप्शनची वेळ पत्रिकेत सात असते आणि नवरा-नवरी स्टेजवर येईपर्यंत पावणेआठ होतात. मग आहेराची रांग लागायच्या आत, बुफेची झाकणं उघडायच्या आत जी फट मिळते, ती भावाबहिणीच्या भाषणाची. मी हौसेनं सूत्रसंचालन करतो, त्यामुळं ही फट मला चांगली माहीत आहे. ती दोन मिनिटांची असते. माझ्या स्वतःच्या भावाच्या रिसेप्शनला मी सात मिनिटं बोललो होतो. पाचव्या मिनिटाला मागून ताटांचा आवाज सुरू झाला आणि उरलेलं भाषण फक्त फोटोग्राफरनं ऐकलं.

मागच्या हंगामात ओळखीतल्या एका मुलानं त्याच्या ताईच्या रिसेप्शनसाठी लिहिलेली टिपणं मला पाठवली. मोबाइलवर, सुचेल तशी. त्यातला गड्डा म्हणजे सोलापुरातली सिद्धेश्वराची जत्रा:

"ताई सहा वर्षांनी मोठी. लहानपणी लय भांडायचो, रिमोटवरून, खिडकीवरून. ती पहिली यायची, मी नाही. स्वभाव प्रेमळ, सगळ्यांना सांभाळून घेते. दहावीचं गणित तिनंच घेतलं. एकदा गड्ड्यात हरवलेलो ते सांगायचं का? आईला माहीत नाही. मग तिचं बी.कॉम., नोकरी. पुण्यात तापानं पडलो तेव्हा आली, शेंगाचटणी घेऊन, हाहा. आधी बघायला आलेल्या स्थळाचा किस्सा सांगू का? सगळे हसतात. दाजी चांगले आहेत, शांत. भावी आयुष्यासाठी शुभेच्छा."

सगळं ठेवून प्रत्येक गोष्ट आखडणं

भाषण छोटं करायला सांगितलं की बहुतेक जण हेच करतात. दहा गोष्टींच्या दहा ओळी होतात आणि स्थळाच्या बायोडेटासारखं काहीतरी तयार होतं: जन्म, शिक्षण, नोकरी, स्वभाव. त्यानंही पहिल्यांदा तसंच करून पाठवलं. दोन मिनिटांत बसत होतं, पण ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नव्हतं. दहातल्या सात गोष्टी पूर्ण सोडायच्या आणि उरलेल्या तीन नीट सांगायच्या, तर भाषण होतं.

कुठल्या ठेवायच्या हे टिपणंच सांगतात. लिहिताना हात जिथं अडखळला ती जागा बघा. "सांगायचं का?", "आईला माहीत नाही", "हाहा". रिमोटचं भांडण लिहिताना तो अडखळला नव्हता, कारण ते प्रत्येक घरात असतं.

मात्र अडखळणं दोन तऱ्हेचं असतं. गड्ड्यात हरवल्याची गोष्ट सांगितली तर फजिती त्याची स्वतःची. स्थळाचा किस्सा सांगितला तर मान खाली जाते ताईची, तीही सासरच्या माणसांसमोर. पहिला किस्सा ठेवला, दुसरा काढला. यात "जरा सौम्य करून सांगतो" अशी तडजोड चालत नाही.

टिपणात नसलेलं न विचारणं

"गड्ड्यात हरवलो" एवढ्या दोन शब्दांत गोष्ट नाही. मी त्याला फोन करून विचारलं, सापडल्यावर ताई काय म्हणाली? तो जरा वेळ गप्प बसला आणि मग त्यानं एक वाक्य सांगितलं. सगळं भाषण त्या वाक्यावर उभं राहिलं. माणसाच्या तोंडचं वाक्य टिपणात सहसा येत नाही, कारण लिहिणाऱ्याला ते पाठच असतं. ते वाक्य मिळाल्यावर "प्रेमळ, सांभाळून घेणारी" हे शब्द आपोआप निरुपयोगी झाले.

नीट लिहायचं म्हणून पुस्तकी लिहिणं

दुसऱ्या खेपेला "माझी ज्येष्ठ भगिनी म्हणजे मायेचा सागर" आलं, शेवटी चारोळीही. मी विचारलं, तू घरात तिला भगिनी म्हणतोस का? "लय भांडायचो" म्हणणाऱ्या पोराच्या तोंडी सागर आला की पहिल्या रांगेतल्या चुलत्यालाही कळतं की हे कुठून तरी उतरवलंय. यावर उपाय सोपा आहे. फोनमध्ये गोष्ट बोलून रेकॉर्ड करायची आणि ऐकत ऐकत उतरवून काढायची.

दाजींना एका ओळीत उरकणं

"शांत आहेत" म्हणजे काय, कधी दिसलं? हेही विचारल्यावरच निघालं. शेवटी हे भाषण ठरलं:

"नमस्कार. मी नवरीचा धाकटा भाऊ. आई, एक गोष्ट आज पहिल्यांदा सांगतोय, स्टेजवर येऊन मारू नकोस.

मी सहा वर्षांचा होतो, ताई बारा. गड्ड्यात, होम मैदानावर पाळण्यापाशी माझा हात सुटला. मी रडत इकडून तिकडं पळत होतो. ताईनं शोधलं. ओरडली नाही. रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाली, 'हरवलास की पळायचं नाही. आहेस तिथंच उभं राहायचं. मी येते.' घरी तिनं आजवर सांगितलं नाही.

पुढं पुण्याला शिकायला गेलो आणि पहिल्याच महिन्यात तापानं पडलो. रात्री फोन केला. एवढंच म्हणाली, 'आहेस तिथंच राहा.' दुसऱ्या दिवशी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं आली. पिशवीत औषधं कमी, शेंगाचटणी जास्त.

दाजी, साखरपुड्याला गर्दीत ताई दिसेना, तेव्हा आम्ही सगळे पळत होतो. तुम्ही दारापाशी उभे. विचारलं तर म्हणालात, 'येईल की ती.' मला तेव्हाच वाटलं, हा माणूस आपल्यातला.

ताई, आता तू हैदराबादला चाललीस. कधी एकटं वाटलं तर पळू नकोस. आहेस तिथंच उभी राहा. मी येतो."

सावकाश, थांबत वाचलं तरी दोन मिनिटांच्या आत संपतं. शुभेच्छांची ओळ नाही, कारण "मी येतो" नंतर काहीही जोडलं की ते वाक्य पडतं. त्याला मात्र ती हवीच होती. बराच वाद झाला. शेवटी "दोघांनाही खूप शुभेच्छा" ही ओळ नमस्कारानंतर लगेच घालायची ठरली.

प्रत्यक्ष बोलताना जे अडतं

मोबाइलवरून वाचू नका. स्क्रीन विझते, आणि नेमकं तेव्हाच केटररचा फोन येतो. कागदावर मोठ्या अक्षरात, प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहा. गळा कुठं दाटणार हे आधीच माहीत असतं, इथं "मी येते" पाशी. तिथं कागदावर एक आडवी रेघ मारून ठेवा, रेघ दिसली की श्वास घ्यायचा. माइक हातात घेऊन स्पीकरच्या पुढ्यात उभं राहू नका, शिट्टी वाजते.

आपल्याकडं बरीच लग्नं अशी की एका बाजूचे नातेवाईक घरात कन्नड किंवा तेलुगू बोलतात. सुरुवातीला "एल्लरिगू नमस्कारा" किंवा "अंदरिकी नमस्कारम्" म्हटलं तर त्या रांगा लगेच लक्ष देतात. पण उच्चार त्यांच्यातल्याच कुणाकडून दोनदा म्हणवून घ्या, आणि तेवढ्यावरच थांबा. पुढचं येत नसताना ओढूनताणून बोललं की हसं होतं.

त्या दिवशी भाषण ठरल्याप्रमाणं झालं. टाळ्या वाजत असतानाच आईनं पहिल्या रांगेतून मोठ्यानं विचारलं, "कुठल्या साली रे?" ह्याची तयारी आम्ही केली नव्हती. तो कागदाकडं बघत राहिला. ताईनं त्याच्या हातातला माइक घेतला आणि म्हणाली, "आई, आधी जेवून घे."